चार बिटांचा काउंटर बारावर वळवताना

चार बिटांचा बायनरी काउंटर ० पासून १५ पर्यंत मोजतो आणि सोळाव्या ठोक्याला पुन्हा ० वर येतो. चार फ्लिप-फ्लॉपमध्ये सोळाच वेगवेगळ्या अवस्था मावतात, म्हणून हे आपोआप घडते. पण घड्याळाला बारा तास मोजायचे असतात, कॅलेंडरला बारा महिने. अशा वेळी सोळांपैकी चार अवस्था गाळून उरलेल्या बारांचेच चक्र फिरवावे लागते. या चक्राला मॉड-बारा काउंटर म्हणतात. यातला बारा हा आकडा अवस्थांची संख्या सांगतो. काउंटरने गाठलेला सर्वांत मोठा आकडा नव्हे. शून्यापासून मोजणारा मॉड-बारा काउंटर ११ पर्यंतच जातो. पुढे होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या एकाच फरकात असते.

बारासाठी वेगळी चिप शोधायची गरज नसते. ७४०० मालिकेतल्या ७४१६१ आणि ७४१६३ या जुन्या, आजही सहज मिळणाऱ्या चिपांवर दोन जादा सोयी असतात. पॅरलल लोड ही त्यांतली एक. तिने काउंटरमध्ये हवा तो आकडा एका फटक्यात भरता येतो. दुसरी क्लिअर, तिने काउंटर शून्यावर येतो. काउंटरला योग्य क्षणी बारानंतरच्या वाटेवरून मागे वळवायला या दोन्हींपैकी कुठलीही एक पुरते. योग्य क्षण कोणता, एवढाच प्रश्न उरतो.

आधी काउंटर साधा चालतो तेव्हा आत काय घडते ते पाहू. चार आउटपुटांना ए, बी, सी, डी म्हणतात. ए हा सर्वांत लहान, एककाचा बिट आणि डी हा आठाचा. सिंक्रोनस काउंटरमध्ये चारही फ्लिप-फ्लॉपना एकच क्लॉक जोडलेला असतो, त्यामुळे क्लॉकच्या चढत्या कडेला सगळे एकाच वेळी बदलतात. कोणी बदलायचे आणि कोणी तसेच राहायचे हे त्या कडेच्या आधीच ठरलेले असते: ए प्रत्येक ठोक्याला उलटतो, बी फक्त ए १ असताना, सी फक्त ए आणि बी दोन्ही १ असताना, डी फक्त खालचे तिन्ही १ असताना. जुन्या रिपल काउंटरमध्ये एकाचे आउटपुट पुढच्याचा क्लॉक होते आणि बदल एकामागून एक झिरपत जातो. सिंक्रोनस रचनेत ते टळते, आणि हाच गुण पुढे कामी येतो.

क्लिअर आणि लोड हे दोन्ही इनपुट लो असताना काम करतात. एरवी ते हाय ठेवायचे. त्यांच्यात अग्रक्रम असतो. क्लिअर लो असेल तर बाकी कशाकडेच लक्ष दिले जात नाही. क्लिअर हाय आणि लोड लो असेल, तर चार डेटा इनपुटांवर जे असेल ते पुढच्या चढत्या कडेला आत जाते. दोन्ही हाय असतील आणि मोजणीची परवानगी देणारे दोन एनेबल इनपुटही हाय असतील, तरच मोजणी पुढे सरकते.

आता मुख्य फरक. ७४१६१ आणि ७४१६३ यांची पायांची मांडणी अगदी सारखी आहे, आणि एकाच्या जागी दुसरी बसवली तरी बाहेरून काही कळत नाही. पण ७४१६३ चे क्लिअर सिंक्रोनस आहे: ते लो झाले तरी क्लॉकच्या पुढच्या चढत्या कडेपर्यंत थांबते. ७४१६१ चे क्लिअर कोणासाठी थांबत नाही. लो होताक्षणी काउंटर शून्य होतो. लोड मात्र दोन्ही चिपांमध्ये कडेची वाट पाहते.

सिंक्रोनस क्लिअर असलेल्या ७४१६३ पासून सुरुवात केलेली बरी, कारण तिचे वागणे सर्वांत सरळ आहे. चक्रातला शेवटचा आकडा ११, बायनरीत १०११. म्हणजे डी १, सी ०, बी १, ए १. हा आकडा ओळखणारे गेट हवे. त्यासाठी डी, बी आणि ए हे तीन आउटपुट तीन इनपुटांच्या नँड गेटला देतात आणि गेटचे आउटपुट क्लिअरला जोडतात. तिन्ही १ झाले की नँडचे आउटपुट लो होते. सी तपासायची गरज पडत नाही: हे तीनही बिट १ असलेले आकडे दोनच, ११ आणि १५, आणि चक्र ११ वरच वळत असल्याने १५ कधी येतच नाही. ओळखायच्या आकड्यातले फक्त १ असलेले बिट तपासावेत हा नियम यातून निघतो. शून्यापासून वर जाणाऱ्या काउंटरमध्ये त्या जागी सगळे १ असलेला पहिला आकडा नेहमी तोच असतो.

ठोक्यागणिक पाहिले तर असे घडते. दहावर, म्हणजे १०१० वर, ए शून्य असल्याने नँडचे आउटपुट हाय राहते. पुढच्या कडेला काउंटर ११ होतो आणि काही नॅनोसेकंदांत नँड लो होतो. क्लिअर आता लो आहे, पण काहीच बदलत नाही. ११ हा आकडा बाकीच्या आकड्यांइतकाच, ठोक्याचा पूर्ण काळ टिकतो. त्यानंतरच्या कडेला काउंटर १२ होणार होता, पण क्लिअर लो असल्याने तो ० होतो. शून्य झाला की तिन्ही बिट ० होतात, नँड पुन्हा हाय होतो आणि पुढच्या कडेला मोजणी १ वर जाते. बारा अवस्था, प्रत्येकीला सारखाच वेळ, आणि मध्ये कुठेही नको असलेला आकडा नाही.

ब्रेडबोर्डवर हे जोडायला ७४१६३ आणि तीन इनपुटांच्या तीन नँड गेटांची ७४१० एवढ्या दोन चिप पुरतात. ७४१६३ चा पाय १६ पाच व्होल्टला आणि ८ ग्राउंडला जातो. ७४१० ला हेच पुरवठे पाय १४ आणि ७ वर मिळतात. काउंटरचा पाय २ क्लॉक. एनेबलचे पाय ७ आणि १०, तसेच लोडचा पाय ९, हे तिन्ही पाच व्होल्टला. डेटाचे पाय ३ ते ६ इथे वापरायचे नसले तरी ग्राउंडला जोडून टाकावेत. आउटपुट ए पाय १४ वर, बी १३ वर, सी १२ वर आणि डी ११ वर मिळते. १४, १३ आणि ११ या पायांवरून तारा ७४१० च्या पाय १, २ आणि १३ वर न्यायच्या, आणि ७४१० चा पाय १२ काउंटरच्या पाय १ वर, म्हणजे क्लिअरवर, आणायचा. दोन्ही चिपांच्या पुरवठ्याच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावणे ही टाळू नये अशी गोष्ट आहे. तो नसला की चिप उगाचच एखादा ठोका जास्त मोजते, आणि दोष तारांमध्ये शोधण्यात वेळ जातो.

या गेटची एक किंमत मोजावी लागते, ती वेगाची. कडा आल्यावर आउटपुट बदलायला वेळ लागतो, मग गेटला वेळ लागतो, आणि पुढच्या कडेच्या थोडे आधी क्लिअर लो होऊन स्थिर झालेले असावे लागते. एलएस मालिकेच्या कमाल आकड्यांनी हिशेब केला तर हे तीन काळ साधारण २७, १५ आणि २० नॅनोसेकंद, एकूण ६२. म्हणजे एरवी २५ मेगाहर्ट्झची हमी असलेला काउंटर या जोडणीत खात्रीने सुमारे १६ मेगाहर्ट्झपर्यंतच चालतो. घड्याळासाठी याने काही बिघडत नाही; वेगवान फ्रिक्वेन्सी भागायची असेल तर मात्र हा हिशेब आधी करावा लागतो.

आता तीच तारांची जोडणी ठेवून ७४१६३ च्या जागी ७४१६१ बसवली तर? काउंटर ११ होतो, नँड लो होतो, आणि क्लिअर वाट न पाहता काउंटरला लगेच शून्य करते. अकरा हा आकडा काही नॅनोसेकंद दिसून नाहीसा होतो. खऱ्या अर्थाने टिकलेल्या अवस्था ० ते १०, म्हणजे अकराच. मॉड-बारा हवा होता, मिळाला मॉड-अकरा. न थांबणाऱ्या क्लिअरसाठी म्हणूनच शेवटच्या आकड्याच्या पुढचा आकडा, १२, ओळखावा लागतो. बारा म्हणजे ११००, तेव्हा डी आणि सी हे दोनच बिट दोन इनपुटांच्या नँडला द्यायचे. काउंटर १२ वर पाऊल टाकतो, तेवढ्यात क्लिअर त्याला ० वर ओढते. एलएस मालिकेत हे १२ साधारण तीस-चाळीस नॅनोसेकंद जगते. डोळ्याला ते दिसत नाही, पण त्या आउटपुटावर दुसरी चिप बसलेली असेल तर तिला ते दिसू शकते.

पाठ्यपुस्तकांत ही पद्धत नेहमी दिलेली असते आणि प्रयोगशाळेत ती बहुधा चालतेही, तरी ती निवडू नये, आणि त्याला दोन ठोस कारणे आहेत. पहिले कारण असे की क्लिअरचा सिग्नल स्वतःलाच संपवतो. डी आणि सी हे दोन फ्लिप-फ्लॉप १ वरून ० वर आणायचे आहेत. त्यांतला सी जरा चटकन शून्य झाला की नँडची अट मोडते आणि क्लिअर पुन्हा हाय व्हायला निघते. गेटला लागणारा वेळ हाच डीला मिळालेला अवधी. तो बहुतेक वेळा पुरतो, पण उत्पादकाने क्लिअरच्या पल्सची किमान रुंदी ठरवून दिलेली असते आणि ती इथे पाळली जाईलच याची हमी कोणी देत नाही. डी मागे राहिला तर काउंटर ० ऐवजी ८ वर, म्हणजे १००० वर, पडतो आणि ८, ९, १०, ११ एवढेच मोजत फिरतो.

दुसरे कारण अधिक छुपे आहे. काउंटर ७ वरून ८ वर जाताना ०१११ चे १००० होते. डी वर चढतो आणि सी खाली उतरतो. दोघांचा क्लॉक एक असला तरी एलएस मालिकेत आउटपुट वर चढायला लागणारा वेळ खाली उतरायच्या वेळेपेक्षा थोडा कमी असतो. नमुना म्हणून दिलेले आकडे १३ आणि १८ नॅनोसेकंद आहेत. म्हणजे सुमारे ५ नॅनोसेकंद डी आणि सी दोन्ही १ असतात, आणि नँडच्या दृष्टीने ते १२ च असते. इतकी अरुंद पल्स गेटमधून सहसा पलीकडे पोहोचत नाही. पण सीच्या आउटपुटावर लांब तार, स्कोपची प्रोब किंवा बऱ्याच चिपांचा भार असेल तर तो आणखी उशिरा उतरतो, पल्स रुंद होते, आणि काउंटर आठव्या ठोक्यालाच शून्य होतो. बारांचे चक्र अचानक आठांचे झाले, आणि प्रोब काढली की पुन्हा बारांचे झाले, तर कारण इथेच शोधावे. काही जण क्लिअरच्या तारेवर छोटा कपॅसिटर लावून ही पल्स गिळून टाकतात. तो उपाय त्या दिवशी, त्या चिपवर चालतो. चिप बदलली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

७४१६३ च्या बाबतीत हीच अरुंद पल्स निरुपद्रवी ठरते. ती कडेनंतर लगेच येते आणि विरते. पुढची कडा येईपर्यंत सगळे आउटपुट स्थिर झालेले असतात, आणि क्लिअरकडे तेव्हाच पाहिले जाते. सिंक्रोनस इनपुटाचा खरा फायदा हा आहे.

हाताशी फक्त ७४१६१ असेल तरी अडत नाही, कारण तिचे लोड सिंक्रोनस आहे. डेटाचे चारही इनपुट ग्राउंडला जोडावेत, ११ ओळखणाऱ्या तीन इनपुटांच्या नँडचे आउटपुट क्लिअरऐवजी लोडला द्यावे आणि क्लिअर हाय ठेवावे. अकरानंतरच्या कडेला काउंटरमध्ये ० भरले जाते. परिणाम सिंक्रोनस क्लिअरसारखाच, आणि वर क्लिअर मोकळे राहते. त्यावर रीसेटचे बटण किंवा वीज आल्यावर काउंटर शून्य करणारे सर्किट बसवता येते. पहिल्या जोडणीत त्यासाठी आणखी एक गेट लागले असते.

लोड वापरायचे ठरले की शून्यापासूनच सुरुवात करायची सक्ती उरत नाही. कुठलेही बारा सलग आकडे चालतात. काउंटर १५ वर असतो तेव्हा पाय १५ वरचे कॅरी आउटपुट आपण होऊन हाय होते. सगळे १ ओळखण्याचे काम चिपने आतच करून ठेवले आहे. हे आउटपुट एका इन्व्हर्टरमधून लोडला दिले आणि डेटा इनपुटांवर ४, म्हणजे ०१००, लावले, तर काउंटर ४ ते १५ असे बारा आकडे मोजतो. सोळातून बारा वजा केल्यावर चार उरतात, तोच भरायचा आकडा. डेटाच्या तारा बदलल्या की मॉड-दहा, मॉड-सात काहीही होते. गेटला हात लावावा लागत नाही. फ्रिक्वेन्सी बाराने भागायची असेल आणि आकडे कोणी वाचणार नसेल, तर ही सर्वांत नीटस जोडणी आहे.

भागलेली फ्रिक्वेन्सी बहुधा डीवरून घेतात. मग त्या सिग्नलचा आकार महत्त्वाचा ठरतो. ० ते ११ मोजणाऱ्या काउंटरमध्ये डी आठ ठोके लो आणि चारच ठोके हाय असतो. ४ ते १५ मध्ये बरोबर उलट. दोन्ही भाग सारखे हवे असतील तर आठच्या अलीकडे सहा आणि आठपासून पुढे सहा आकडे हवेत, म्हणजे २ ते १३. तेरा म्हणजे ११०१, तेव्हा डी, सी आणि ए नँडला द्यायचे आणि डेटावर ००१० लावायचे. डी सहा ठोके लो, सहा ठोके हाय. एवढ्या छोट्या बदलाने चौकोनी लाट अगदी समतोल मिळते.

घड्याळाला मात्र १ ते १२ हवेत. तिथे १२, म्हणजे डी आणि सी, ओळखून लोडने १ भरतात. इथे १२ ओळखणे बरोबर आहे, कारण लोड थांबते आणि १२ हा आकडा चक्रात पूर्ण तासभर हवाच आहे. ७ ते ८ मधली अरुंद पल्स इथेही येते, पण लोड तिच्याकडे पाहत नाही. अडचण येते ती सकाळ-संध्याकाळ दाखवणाऱ्या बिटाची. घड्याळ १२ वरून १ वर वळते, पण दिवसाचा अर्धा भाग ११ वरून १२ वर जाताना बदलतो, एक तास आधी. लोडचा सिग्नल त्या बिटाला जोडला तर दुपारी बारा ते एक घड्याळ सकाळच दाखवते. त्या बिटासाठी डी, बी, ए घेऊन ११ वेगळे ओळखावे लागते. त्यापेक्षा काउंटर ० ते ११ ठेवून, शून्याच्या जागी १२ दाखवण्याचे काम डिस्प्लेकडे सोपवणे सोयीचे पडते. मग काउंटरचे वळण आणि दिवसाचे वळण एकाच ठोक्याला येतात. या रचनेत पुढच्या टप्प्याला ठोका देताना कॅरी आउटपुटावर विसंबता येत नाही, हे लक्षात ठेवावे. काउंटर १५ पर्यंत पोहोचतच नसल्याने ते कायम लो राहते. पुढच्या काउंटरची परवानगी ११ ओळखणाऱ्या गेटवरूनच, एका इन्व्हर्टरमधून, घ्यावी लागते.

जोडणी चुकली की चक्राची लांबीच चूक सांगते. तेरा अवस्था मिळाल्या तर थांबणाऱ्या इनपुटाला १२ ओळखणारे गेट जोडले गेले आहे. अकरा मिळाल्या तर ७४१६३ समजून ७४१६१ बसवली आहे. चौदा मिळाल्या तर बहुधा बिटांचा क्रम उलटा धरला गेला आहे: डी, बी, एऐवजी ए, सी, डी जोडले की गेट ११ ऐवजी १३ ओळखते. कॅरीच्या जोडणीत भरायचा १ सीऐवजी बीवर गेला तर ४ चे २ होतात आणि पुन्हा चौदाच अवस्था येतात. लांबी मोजायला साध्या बटणाने ठोके देऊ नयेत. बटणाचे धातूचे संपर्क दाबताना क्षणभर थरथरतात आणि एका दाबाचे तीन-चार ठोके मोजले जातात. ५५५ टायमरचा एका सेकंदाचा ठोका द्यावा, किंवा स्कोपवर डीचे लो आणि हाय ठोके मोजावेत: आठ आणि चार असतील तर ० ते ११ ची जोडणी बरोबर आहे.

एलईडीने आकडा पाहायचा असेल तर तो रेझिस्टरशिवाय आउटपुटावर लावू नये. त्याने आउटपुटाचे व्होल्टेज इतके खाली ओढले जाते की दिवा पेटलेला दिसतो आणि तरी नँडला तिथे १ दिसत नाही. मग काउंटर ११ वर न वळता सरळ १५ पर्यंत जातो. एचसी मालिकेच्या चिपला एक किलोओमचा रेझिस्टर घालून एलईडी लावला तर दोन्ही कामे होतात.

वीज येताक्षणी चारही फ्लिप-फ्लॉप कुठल्या अवस्थेत उठतील याचा नेम नसतो. गाळलेल्या चार अवस्थांपैकी एखादीत काउंटर सापडला तर तो तिथेच अडकेल का, हे प्रत्येक जोडणीसाठी तपासून पाहावे. ० ते ११ च्या जोडणीत १२ पासून सुरुवात झाली तर काउंटर १३, १४, १५ असा जाऊन शून्यावर येतो. ४ ते १५ मध्ये ० ते ३ पासून सुरुवात झाली तर तो मोजतच ४ वर पोहोचतो. २ ते १३ मध्ये १४ वरून १५ येतो, तिथे डी, सी, ए तिन्ही १ असल्याने २ भरले जातात. १ ते १२ मध्ये १३, १४ आणि १५ या तिन्हींत डी आणि सी १ असल्याने पुढच्याच ठोक्याला १ येतो. चारही जोडण्या जास्तीत जास्त चार ठोक्यांत आपल्या चक्रात परततात. ते पहिले काही ठोकेही चुकू नयेत अशी गरज असेल, तर ७४१६१ चे मोकळे ठेवलेले क्लिअर त्यासाठी वापरावे: १० किलोओमचा रेझिस्टर पाच व्होल्टला, १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला, आणि त्यांच्या सांध्यावरची तार श्मिट इनपुट असलेल्या दोन इन्व्हर्टरांमधून एकापाठोपाठ एक नेऊन क्लिअरला. वीज आल्यावर साधारण शतांश सेकंद क्लिअर लो राहते, काउंटर शून्यावर बसतो आणि मग मोजणी सुरू होते.